बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी? पत्ते बघून कसं ठरवायचं

अकाउंट्सला नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं जातं ते एवढंच असतं, की पार्टी आपल्या राज्यातली असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि बाहेरची असेल तर आयजीएसटी. रोजच्या बऱ्याच बिलांना हे लागू पडतं, म्हणून हीच सवय लागते, आणि मग ज्या दिवशी माल एका पत्त्यावर आणि बिल दुसऱ्या पत्त्यावर जातं त्या दिवशी बिल चुकतं. टॅक्सची एकूण रक्कम तीच राहते, १८ टक्के म्हणजे १८ टक्केच, त्यामुळे चूक लगेच कुणाच्या लक्षात पण येत नाही. समोरच्या पार्टीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, अडकलं की मग फोन यायला लागतात.

मी इथे मालाच्या बिलांबद्दलच सांगणार आहे, आणि त्यातही मुख्यतः बिल टू शिप टू, म्हणजे बिल एकाच्या नावाने आणि माल दुसऱ्याकडे, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त तिथेच अडकतो. सर्व्हिसचे नियम वेगळे आहेत, हॉटेल, ट्रेनिंग, इव्हेंट प्रत्येकाचं ठिकाण वेगळ्या पद्धतीने ठरतं, ते इथे मिसळलं तर गोंधळ होईल.

आधी हे डोक्यात फिट करा

तुलना करायची असते ती दोनच गोष्टींची. एक म्हणजे माल विकणारा कुठल्या राज्यातल्या रजिस्ट्रेशनवरून बिल फाडतोय, आणि दुसरी म्हणजे प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे माल जिथे पुरवला असं कायदा धरतो ते ठिकाण, कुठल्या राज्यात आहे. दोन्ही राज्यं एक असतील तर सीजीएसटी अधिक एसजीएसटी, वेगळी असतील तर आयजीएसटी. आयजीएसटी कायद्याच्या कलम ७ आणि ८ मध्ये हेच लिहिलंय. गिऱ्हाइकाचं राज्य ह्या तुलनेत थेट कुठेच येत नाही हे नीट लक्षात घ्या. गिऱ्हाइकाचा पत्ता लागतो तो प्लेस ऑफ सप्लाय काढण्यासाठी, आणि तो पण प्रत्येक वेळी लागतोच असं नाही.

म्हणजे खरं काम आहे ते प्लेस ऑफ सप्लाय काढायचं. बाकी मग नुसती दोन आकड्यांची तुलना आहे.

पायरी १: बिल कुठल्या जीएसटी नंबरवरून निघतंय ते बघा

जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्याचा कोड. महाराष्ट्राचा २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, तेलंगणा ३६. हे आपल्या शेजारचे आहेत, महिनाभरात आपोआप पाठ होतात.

कंपनीचं रजिस्ट्रेशन एकाच राज्यात असेल तर इथे विचार करण्यासारखं काही नाही. दोन-तीन राज्यांत असेल तर माल कुठल्या गोडाऊनमधून निघतोय ते विचारा. समजा हेड ऑफिस सुरतला आहे आणि माल भिवंडीच्या गोडाऊनमधून निघतोय, तर बिल महाराष्ट्राच्या २७ वाल्या नंबरवरूनच निघालं पाहिजे. ऑर्डर सुरतला आली, पेमेंट सुरतच्या बँकेत जमा होणार, साहेब सुरतला बसतात, ह्याचा काही संबंध नाही. इथेच चुकीचा नंबर निवडला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर करून पण उत्तर चुकणार.

पायरी २: माल हलतोय का, आणि कुठे जाऊन थांबतोय

साधी केस आधी घेऊ. कोल्हापूरच्या एमआयडीसीतला एक कारखाना लोखंडी रॅक बनवतो आणि बेळगावच्या रजिस्टर्ड दुकानदाराला विकतो, माल बेळगावला त्याच्या दुकानात उतरतो. कलम १०(१)(अ) सांगतं की मालाची हालचाल जिथे संपते, म्हणजे जिथे घेणाऱ्याच्या ताब्यात द्यायला माल थांबतो, ते प्लेस ऑफ सप्लाय. इथे ते कर्नाटक. बिल २७ वरून, ठिकाण २९, म्हणून आयजीएसटी.

ह्यात एक प्रश्न नेहमी येतो, की गाडी जर बेळगाववाल्याने स्वतःची पाठवली आणि माल कारखान्याच्या गेटवरच ताब्यात घेतला तर काय. बरेच जण इथे सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळे होतात, कारण आपण तर आपल्या गेटवर माल दिला ना. पण कायद्यात शब्द असे आहेत की हालचाल विकणाऱ्याने केलेली असो, घेणाऱ्याने असो किंवा आणखी कुणी, ती संपते कुठे ते बघायचं. गाडी कुणाची आणि भाडं कुणी दिलं ह्याने ठिकाण बदलत नाही. माल बेळगावला जाणार आहे हे पीओवर, म्हणजे घेणाऱ्याच्या परचेस ऑर्डरवर, आणि ई-वे बिलावर दिसतंय, मग ठिकाण कर्नाटकच.

पायरी ३: ऑर्डर देणारा आणि माल घेणारा वेगवेगळे आहेत का

आता मुख्य भाग, जरा सावकाश वाचा.

बेळगावच्या ह्या व्यापाऱ्याला सांगलीच्या एका गिऱ्हाइकाची रॅकची ऑर्डर मिळाली. तो कोल्हापूरच्या कारखान्याला सांगतो, बिल माझ्या नावाने करा, माल मात्र डायरेक्ट सांगलीला टाका. गाडी कोल्हापुरातून निघाली, सांगलीत उतरली, माल महाराष्ट्राच्या बाहेर गेलाच नाही. मग कारखान्याने बेळगाववाल्याला काय लावायचं?

पायरी २ चा नियम लावला तर हालचाल सांगलीत संपते, म्हणजे महाराष्ट्र, म्हणजे सीजीएसटी-एसजीएसटी. हे उत्तर चूक आहे. कारण अशा व्यवहारासाठी कलम १०(१)(ब) वेगळं आहे. ते म्हणतं की तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याकडे पाठवला, तर असं धरायचं की तो माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला, आणि प्लेस ऑफ सप्लाय म्हणजे त्या सांगणाऱ्याची मुख्य धंद्याची जागा. सांगणारा इथे बेळगाववाला आहे, त्याची जागा कर्नाटकात. म्हणून कोल्हापूर ते बेळगाव हे बिल आयजीएसटीचं.

इथे बिलं दोन होतात आणि दोन्ही वेगवेगळी तपासायची. रॅकची किंमत १,००,००० रुपये आणि टॅक्स १८ टक्के धरू.

पहिलं बिल कोल्हापूर कारखान्याचं बेळगाववाल्याला. बिल २७ वरून, प्लेस ऑफ सप्लाय कर्नाटक. १,००,००० वर आयजीएसटी १८,०००, एकूण १,१८,०००.

दुसरं बिल बेळगाववाल्याचं सांगलीच्या गिऱ्हाइकाला, समजा त्याने १,१५,००० ला विकला. आता बिल २९ वरून निघतंय आणि माल सांगलीत गिऱ्हाइकाला मिळाला, म्हणजे ठिकाण महाराष्ट्र. २९ आणि २७, परत आयजीएसटी, २०,७००. बेळगाववाला पहिल्या बिलाचं १८,००० क्रेडिट घेतो आणि उरलेले २,७०० भरतो.

दोन्ही बिलं आयजीएसटीची आणि माल मात्र कोल्हापूर-सांगली एवढाच फिरला. पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण टॅक्स जिथे माल वापरला जाणार तिथल्या राज्याला पोचला पाहिजे आणि मधल्या प्रत्येकाची क्रेडिटची साखळी तुटली नाही पाहिजे, ही दोन्ही कामं ह्याच पद्धतीने नीट होतात.

आता उलटं करून बघा. पुण्याच्या व्यापाऱ्याला हुबळीची ऑर्डर मिळाली, तो कोल्हापूरच्या कारखान्याला सांगतो, बिल मला, माल हुबळीला. पहिलं बिल कोल्हापूर ते पुणे, सांगणारा पुण्याचा, ठिकाण महाराष्ट्र, बिल पण २७ वरून, म्हणून सीजीएसटी ९,००० आणि एसजीएसटी ९,०००, जरी गाडी बॉर्डर ओलांडून कर्नाटकात गेली तरी. दुसरं बिल पुणे ते हुबळी १,१५,००० चं, त्यावर आयजीएसटी २०,७००. पुणेवाला आधीच्या सीजीएसटी आणि एसजीएसटीचं मिळून १८,००० क्रेडिट आयजीएसटी भरायला वापरू शकतो, त्यामुळे त्याचे पण खिशातून २,७०० च जातात.

ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी कागदावर लिहून बघा. पहिल्यात माल राज्यातच राहिला तरी आयजीएसटी, दुसऱ्यात माल बाहेर गेला तरी पहिलं बिल सीजीएसटी-एसजीएसटी. गाडीचा रस्ता बघून टॅक्स ठरवणारा माणूस दोन्हीकडे चुकणार.

ई-वे बिलावर हे कसं टाकायचं

ई-वे बिलाच्या फॉर्मवर ट्रान्झॅक्शन टाइप विचारतो, तिथे `Regular` न ठेवता `Bill To - Ship To` निवडा. मग बिल टूमध्ये बेळगाववाल्याचा जीएसटी नंबर आणि राज्य कर्नाटक, आणि शिप टूमध्ये सांगलीचा पत्ता, पिनकोड आणि राज्य महाराष्ट्र. टॅक्सचा प्रकार बिल टूच्या राज्यावरून ठरतो, शिप टूच्या नाही. माल एकदाच हलतोय म्हणून ई-वे बिल एकच लागतं, कारखाना काढेल किंवा बेळगाववाला काढेल, ते दोघांनी आधी फोनवर ठरवून घ्यावं म्हणजे दोन दोन निघत नाहीत. आणि इनव्हॉइसवर पण दोन्ही पत्ते वेगवेगळे दिसले पाहिजेत, डिलिव्हरीचा पत्ता वेगळा असेल तर तो लिहिणं बंधनकारकच आहे, आणि आंतरराज्य बिलावर प्लेस ऑफ सप्लाय राज्याच्या नावासकट लिहावं लागतं.

टॅलीत किंवा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर एक जागा जरूर तपासा. पार्टीच्या लेजरमध्ये जे राज्य टाकलंय तेच बहुतेक वेळा प्लेस ऑफ सप्लाय म्हणून बिलात येतं. कुणीतरी शिप टूचा पत्ता भरताना लेजरचंच राज्य बदलून ठेवतं, आणि मग पुढची सगळी बिलं निमूट चुकीच्या टॅक्सने निघत राहतात. म्हणून बिल सेव्ह करायच्या आधी तीन गोष्टींवर नजर टाका: आपला नंबर, बिल टूच्या नंबराचे पहिले दोन आकडे, आणि प्लेस ऑफ सप्लायचा रकाना.

हा बिल टू शिप टू नाही, जरी दिसतो तसा

पुण्याचा एक कॉन्ट्रॅक्टर कोल्हापूरवाल्याकडून माल घेतो आणि म्हणतो, बिल पुण्याच्या पत्त्यावर, माल माझ्याच गोव्याच्या साइटवर पाठवा. पत्ते दोन आहेत, पण माणूस एकच आहे. कुणा दुसऱ्याला माल दिला जात नाहीये, घेणारा तोच आहे, म्हणून इथे तिसऱ्या माणसाचा नियम बसत नाही आणि परत हालचाल संपते कुठे तेच बघावं लागतं. ठिकाण गोवा, बिल २७ वरून, आयजीएसटी. कॉन्ट्रॅक्टरचा नंबर २७ चा असला तरी त्याला ह्या आयजीएसटीचं क्रेडिट घ्यायला ह्यामुळे अडचण येत नाही.

पण त्याच कॉन्ट्रॅक्टरने माल गोव्यातल्याच दुकानदाराकडून घेऊन गोव्याच्या साइटवर उतरवून घेतला आणि नंबर दिला पुण्याचा, तर मात्र फसतो. विकणारा ३०, ठिकाण ३०, गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी लागणार आणि तो बरोबरच आहे, फक्त महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशनला दुसऱ्या राज्याच्या ह्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. बाहेरच्या राज्यात साइटचं काम जास्त दिवस चालणार असेल तर तिथलं रजिस्ट्रेशन घ्यायचा विषय सीएसोबत आधीच बोलून घ्या, माल उतरल्यावर नाही.

जीएसटी नंबर नसलेलं गिऱ्हाईक

१ ऑक्टोबर २०२३ पासून ह्यासाठी वेगळं कलम आलंय. गिऱ्हाईक अनरजिस्टर्ड असेल तर बिलावर जो पत्ता लिहिलाय ते प्लेस ऑफ सप्लाय, आणि पत्ताच लिहिला नसेल तर विकणाऱ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असंच धरतात.

म्हणजे निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या दुकानात आला, रोख पैसे देऊन एक रॅक घेऊन गेला आणि बिलावर पत्ता नाही, तर सीजीएसटी-एसजीएसटी. त्याच बिलावर निपाणी, कर्नाटक लिहिलं तर आयजीएसटी. ५०,००० किंवा त्याच्या वरचं बिल असेल तर नाव-पत्ता लिहावाच लागतो, तिथे रिकामं सोडायची सोय नाही. काउंटरवर बसणाऱ्या पोराला हे सांगून ठेवा, कारण तो गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर पत्ता टाइप करतो आणि टॅक्स मात्र नेहमीचाच राहतो.

ऑनलाइन ऑर्डरमध्ये बिलिंगचा पत्ता एका राज्यातला आणि डिलिव्हरीचा दुसऱ्या राज्यातला असं खूप होतं, मुंबईतला मुलगा इंदूरला आई-वडिलांसाठी वस्तू मागवतो तसं. जून २०२४ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट केलंय की अशा वेळी डिलिव्हरीचा पत्ता धरायचा. म्हणजे मध्य प्रदेश. लक्षात घ्या, रजिस्टर्ड पार्टीच्या बिल टू शिप टूमध्ये ऑर्डर देणाऱ्याची जागा आणि अनरजिस्टर्डमध्ये डिलिव्हरीची जागा, हे दोन्ही उलट आहेत, म्हणून गिऱ्हाइकाकडे नंबर आहे का हे सगळ्यात आधी विचारलेलं बरं.

आणखी एक अपवाद आहे, एसईझेड म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. एसईझेडमधल्या युनिटला किंवा डेव्हलपरला माल दिला तर राज्य एकच असलं तरी व्यवहार आंतरराज्यच धरतात. पुण्याच्या पार्टीने पुण्यातल्याच एसईझेड युनिटला दिलं तरी सीजीएसटी-एसजीएसटी कधीच नाही.

चुकलंय हे कळतं कसं

परत बेळगावच्या उदाहरणाकडे येऊ. समजा कोल्हापूरच्या कारखान्याने गाडी सांगलीला गेली म्हणून ९,००० सीजीएसटी आणि ९,००० एसजीएसटी लावला, प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र टाकलं आणि रिटर्न भरून टाकलं. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला बेळगाववाल्याची टूबी, म्हणजे त्याच्या खरेदीवरच्या क्रेडिटचं जीएसटी पोर्टलवरचं महिन्याचं स्टेटमेंट, तयार होते. त्यात हे बिल दिसतं, पण क्रेडिट मिळणार नाही अशा यादीत, आणि कारण दिलेलं असतं की विकणाऱ्याचं राज्य आणि प्लेस ऑफ सप्लाय एकच आहे आणि घेणाऱ्याचं राज्य वेगळं आहे. म्हणजे त्याचे १८,००० अडकले, आणि सांगलीच्या बिलाचे २०,७०० त्याला पूर्णच्या पूर्ण भरावे लागणार. त्याने काहीच चूक केलेली नसताना. त्यामुळे तुम्ही खरेदीच्या बाजूला बसत असाल तर टूबीतली ही न मिळणाऱ्या क्रेडिटची यादी दर महिन्याला उघडून बघायची, नुसती एकूण रक्कम जुळवून बंद करायची नाही.

दुरुस्ती

बिल निघालंय पण रिटर्न भरलेलं नाही अशा वेळी दुरुस्ती सगळ्यात सोपी असते, बिल कॅन्सल करून बरोबर टॅक्सचं नवीन करायचं आणि पार्टीला लगेच कळवायचं. ई-इनव्हॉइस असेल तर पोर्टलवर कॅन्सल करायला २४ तासच मिळतात हे ध्यानात ठेवा, म्हणून तपासणी त्याच दिवशी संध्याकाळी झालेली चांगली.

रिटर्न भरून झालं असेल तर बरेच जण क्रेडिट नोट देऊन जुनं बिल उलटवतात आणि बरोबर टॅक्सचं नवीन बिल देतात. क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, वार्षिक रिटर्न त्याआधीच भरलं तर तेव्हापर्यंतच.

हा रस्ता बंद झाला असेल, किंवा डिपार्टमेंटनेच चूक काढली असेल, तर बरोबर टॅक्स आधी भरावा लागतो आणि मग चुकीचा भरलेला परत मागता येतो. बेळगावच्या केसमध्ये म्हणजे १८,००० आयजीएसटी भरायचा आणि ९,००० अधिक ९,००० चा रिफंड `RFD-01` फॉर्मवर मागायचा, सीजीएसटी कायद्याच्या कलम ७७ खाली. अशा वेळी नंतर भरलेल्या बरोबर टॅक्सवर व्याज लागत नाही, ही मोठी सवलत आहे आणि नोटीस आली की घाबरून व्याज पण भरून टाकणारे लोक बघितलेत, ते करू नका. चूक तुमची तुम्हालाच सापडली असेल तरी हे कलम लागू होतं, अधिकाऱ्याने ऑर्डर काढायची वाट बघायची गरज नाही, सप्टेंबर २०२१ च्या सर्क्युलरमध्ये ते आलंय. रिफंडचा अर्ज बरोबर टॅक्स भरल्याच्या तारखेपासून २ वर्षांच्या आत करायचा. अर्जासोबत दोन्ही बिलं, ई-वे बिल, ऑर्डर कुणी दिली ते दाखवणारा पीओ आणि नवीन टॅक्स भरल्याचं चलन एकत्र लावून ठेवा, कारण अधिकारी सगळ्यात आधी पीओच मागतो, माल कुणाच्या सांगण्यावरून गेला हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कागदावर तितकं स्वच्छ दिसत नाही.